साल्सा-बचाटाच्या क्लासमधला जोडीदार: हात कुठे आणि मन कुठे? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे साल्साच्या बॅचला नाव घालणारा माणूस बहुतेक वेळा झुंबामधून येतो, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या संगीतासाठी. नाच आपल्याला नवा नाही. हळदीला डीजे असतो, वरातीत बँड असतो, कानबाईच्या मिरवणुकीत बाया थकेपर्यंत नाचतात आणि नवरात्रात गरबा ठरलेलाच. पण यांपैकी कुठल्याच नाचात परक्या माणसाचा हात आपल्या पाठीवर येत नाही. हळदीतसुद्धा बायांचा घोळका एका बाजूला आणि पोरांचा दुसऱ्या बाजूला. त्यामुळे क्लासच्या पहिल्या दिवशी दोन गोष्टी एकदम अंगावर येतात: नवी स्टेप आणि नवा स्पर्श. कोणती धडधड कशाची, हे कळत नाही आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

शिकवताना माझ्याकडे दोन तक्रारी फिरून फिरून येतात. एक बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितली जाते: "मॅडम, त्यांचा हात ठीक नाही वाटत." दुसरी जरा लाजत: "मॅडम, तिला माझ्यात इंटरेस्ट आहे असं वाटतं." दोन्हींत बरंचसं तंत्राचं असतं आणि थोडं खरंच माणसाचं. कोणतं किती, हे ओळखता येतं. त्यासाठी आधी पकड दुरुस्त करायची आणि मग काय उरतं ते बघायचं. उलट क्रमाने गेलात तर निर्दोष माणूस बदनाम होतो, किंवा खरा आगाऊ माणूस 'शिकतोय अजून' म्हणून सुटतो.

हात कमरेवर ठेवणं

सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. सिनेमातला कपल डान्स पाहून मुलांना वाटतं की उजवा हात कमरेवर जातो. साल्साच्या बंद पकडीत तो तिथे नसतोच. लीड करणाऱ्याचा, म्हणजे पुढची स्टेप ठरवून इशारा देणाऱ्याचा, उजवा तळवा जोडीदाराच्या डाव्या खांद्यामागच्या पात्यावर असतो, बोटं मिटलेली आणि हात पसरट. तिचा डावा हात त्याच्या उजव्या दंडावर किंवा खांद्यावर, आणि कोपर त्याच्या कोपरावर टेकलेलं. दुसरी जोडी, म्हणजे त्याचा डावा आणि तिचा उजवा हात, दोघांत जो बुटका असेल त्याच्या डोळ्यांच्या उंचीला.

यामागे सभ्यतेचा हिशोब आहे, पण त्याआधी कामाचा आहे. क्रॉस बॉडी लीड घ्या, कारण पहिल्या महिन्यातच ती येते. मोजणीतल्या १-२-३ वर लीड करणारा डाव्या पायाने पुढे जाऊन बाजूला उघडतो, वाट मोकळी करतो, आणि ५-६-७ वर ती त्याच्या समोरून पलीकडे जाते. 'आता चल' हा निरोप त्याच्या उजव्या तळव्यातून तिच्या पाठीच्या वरच्या भागाला मिळतो. तिथे तो मिळाला की आधी खांदे निघतात आणि मागोमाग पाय. हात कमरेवर असेल तर ढकललं जातं नितंबाच्या वरचं अंग. खांदे मागे राहतात, ती अडखळते, आणि तिला उशीर झाला असं समजून तो आणखी जोरात ढकलतो. बाईला हे जे वाटतं ते चुकीचं वाटत नाही. तिला ढकललंच जात असतं.

आता खरा प्रश्न. हात सुरुवातीला नीट असतो आणि गाणं संपेपर्यंत खाली सरकलेला असतो, तेव्हा काय समजायचं? आधी कोपर बघा. नवशिक्या माणसाचा दंड दहा-पंधरा मिनिटांत भरून येतो, कोपर खाली पडतं, आणि कोपर पडलं की तळवा आपोआप घसरत कमरेपर्यंत येतो. कोपर उचलायला सांगितलं की हात स्वतःहून वर जातो, 'हात वर घ्या' असं वेगळं म्हणावं लागत नाही. मेमध्ये आमच्या हॉलमध्ये पारा ४४ ला टेकतो, पंखे गरम हवा फिरवतात, शर्ट ओले होतात आणि तळवा घामाने सरकतो. तेव्हा एक गाणं झालं की हात सोडून पाठ पुसणं हा आमच्या बॅचचा नियमच आहे. त्यात लाजायचं काही नाही.

थेट समोरासमोर उभं राहणं

ही चूक दिसायला किरकोळ आणि परिणामाने मोठी. दोघं नाकासमोर नाक करून उभे राहिले तर पावलं एकमेकांवर पडतात, गुडघे आपटतात, आणि ते टाळायला माणूस कंबर मागे घेतो किंवा पोट पुढे काढतो. पोट पुढे आलं की ज्याला जवळीक म्हणायची नाही ती जवळीक घडते. उपाय अर्ध्या पावलाचा आहे. दोघांनीही आपापल्या डावीकडे थोडं सरकायचं. प्रत्येकाचा उजवा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधल्या जागेकडे रोखलेला राहतो आणि नजर समोरच्याच्या उजव्या खांद्यावरून जाते. एवढ्याने पायांना जागा मिळते आणि चेहऱ्यांनाही. तुमचा श्वास थेट जोडीदाराच्या तोंडावर जात असेल तर तुम्ही सरकायला विसरलात, एवढं ओळखा.

साल्साबरोबर शिकवल्या जाणाऱ्या बचाटा या नाचात हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे अंतर कमी असतं. तीन पावलं बाजूला, चौथ्या ठोक्यावर टॅप आणि त्याच ठोक्यावर कंबर, मग उलट बाजूला तेच. ही कंबर हलते ती आपल्याच गुडघ्याच्या वाकण्याने, जोडीदाराला घासून नव्हे. दोघं हातभर अंतरावर, फक्त हात धरून उभे राहिले तरी ती तितकीच हलली पाहिजे. हलत नसेल तर जवळ येऊन काही सुधारणार नाही.

इथे रील्सचा त्रास आहे. बचाटा मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकमधला, आणि तिथली जुनी पद्धत बरीचशी पायांच्या कामाची. मोबाईलवर आपल्याला दिसते ती बहुतेक 'सेन्शुअल' म्हणवली जाणारी शैली, जी नंतर स्पेनच्या काडिझमधून पसरली. तिच्यात छाती-पोटाच्या लाटांनी निरोप दिले जातात, म्हणून अंग लागतं. ते वर्षानुवर्षं नाचलेल्यांचं काम आहे आणि त्यातसुद्धा समोरचा माणूस ओळखीचा आणि राजी असावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात कुणी "रीलमध्ये तर असंच करतात" म्हणत जवळ ओढलं, तर त्याला तंत्र म्हणू नका. त्या स्टेपला लागणारी पहिली पायरीच अजून त्याच्याकडे नाही.

अंगठा दाबून हात धरणं

याला मी फार वेळ देणार नाही. लीड करणाऱ्याने डाव्या हाताने पकडायचं नसतं, बोटांचा हुक करून तिची बोटं त्यावर ठेवू द्यायची असतात. अंगठ्याने दाबलं तर वळताना तिचं मनगट मुरगळतं. तपासायचं असं: चालू गाण्यात तिने हात काढून घ्यायचं ठरवलं तर तो जराही न अडता निघाला पाहिजे. आमच्याकडे एक काका नव्या मुलांना अहिराणीत एवढंच विचारतात, "हात कोठे शे तुना?" आणि मुलगा लगेच स्वतःकडे बघतो.

जमायला लागलं की त्याला ओढ समजणं

सर्वात अवघड चूक ही, आणि ती बहुतेक वेळा नाच सुधारल्यावर होते.

मागच्या उन्हाळी बॅचमधली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडी बदलली आहे. तो धरणगावकडचा, बँकेत नोकरीला, सहा फुटांच्या आसपास. ती फिजिओथेरपिस्ट, त्याच्या खांद्याला लागेल इतकी. तिसऱ्या आठवड्यात तिने सांगितलं की दादांचा हात सारखा खाली येतो. मी काही न बोलता तीन गाणी नुसती बघितली. हात खाली येत होता तो क्रॉस बॉडीच्या पाचव्या ठोक्यावरच, पहिल्या गाण्यात नव्हे तर दुसऱ्यापासून, आणि तिच्याशीच नव्हे, सगळ्या ठेंगण्या जोडीदारांशी. मग मी स्वतः त्याच्याबरोबर नाचले. माझ्याही बाबतीत तेच. तो उंची जुळवायला कंबरेतून वाकत होता, वाकल्यावर कोपर लोंबत होतं आणि हात सुटत होता.

दुरुस्ती अशी केली. वाकणं बंद, गुडघे सैल, पाठ सरळ. पुढचे हात तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणले, आधी ते त्याच्या छातीशी होते आणि तिचा खांदा ताणला जात होता. तिचा डावा हात त्याच्या खांद्यावर पोचायचा हट्ट सोडून दंडावर ठेवला. त्याचा तळवा पात्याच्या मध्यावर न ठेवता बाहेरच्या कडेला. आणि तिला सांगितलं की तुझ्या कोपराचं थोडं वजन त्याच्या हातावर राहू दे, त्याचा हात पडला तर तुला आधी कळेल. पुढच्या दोन क्लासमध्ये हात जागेवर राहिला. तक्रार मिटली.

त्यानंतर महिनाभराने तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, मी नुसता विचार केला तरी तिला कळतं. दुसऱ्या कुणाबरोबर असं होत नाही. तिच्या मनात काही असेल का?"

त्याचं म्हणणं मला वेडगळ वाटलं नाही. लीड आणि फॉलो नीट बसलं की अगदी तसंच वाटतं. तळव्याचा जेमतेम दाब बदलतो आणि समोरचं माणूस क्षणात वळतं. रोजच्या आयुष्यात इतक्या लवकर आपलं म्हणणं कुणालाच कळत नाही, बायकोला नाही की साहेबाला नाही. पण हे मन वाचणं नव्हे. चांगली फॉलोअर, म्हणजे इशाऱ्यावर नाचणारी जोडीदार, प्रत्येकाचा तळवा असाच वाचते, ते तिचं कसब आहे. उलट बाजूलाही हेच होतं. चांगला लीडर गर्दीत जोडीदाराला धक्का लागू देत नाही, तिच्या वजनाचा अंदाज घेत थांबतो, आणि घरी कुणी इतकं लक्ष देत नसेल तर तिला ती माया वाटू शकते. त्याने ते शेजारच्या काकूंबरोबरही केलेलं असतं.

दुसरं कारण छातीतल्या ठोक्यांचं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात काही तरुणांना जागच्या जागी दोन मिनिटं पळायला लावलं, काहींना फक्त पंधरा सेकंद. मग दोघांनाही एका मुलीचा व्हिडिओ दाखवला. जे जास्त पळाले होते त्यांना आकर्षक दिसणारी मुलगी अधिकच आवडली. पण तीच मुलगी मुद्दाम अनाकर्षक करून दाखवली तेव्हा जास्त पळालेल्यांना ती इतरांपेक्षा अधिक नावडली. म्हणजे धावपळीचा वेग नवी आवड निर्माण करत नाही, असलेली आवडनिवड फुगवतो. साल्साच्या एका गाण्यानंतर नाडी पळत असतेच. त्या मिनिटाला वाटणारं सगळं खोटं नसतं, पण मोठं करून दाखवलेलं असतं. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि 'सगळा हार्मोन्सचा खेळ' म्हणून मोकळे होतात. तेही बरोबर नाही.

त्याला मी उपदेश केला नाही. पुढच्या क्लासला दोन गाणी बाहेर खुर्चीवर बसायला सांगितलं आणि फक्त तिला बघ म्हटलं. ती आमच्या बॅचमधल्या निवृत्त मास्तरांबरोबर नाचत होती. वळण पूर्ण झाल्यावरचं तिचं हसू तेच, मास्तरांनी चुकीचा इशारा दिला तरी सावरून घेणं तेच. मास्तरांना तर क्रॉस बॉडी पहिल्यांदाच जमली होती, त्यामुळे ती जास्तच हसत होती. तो परत आला आणि म्हणाला, "म्हणजे हे सगळ्यांसाठी आहे." बराचसा प्रश्न तिथे सुटला, सगळा नाही. कारण त्याला ती आवडतच होती, आणि ते नाचाशिवायही खरं होतं.

खरं आहे हे कसं ओळखायचं? क्लासच्या मध्ये दोन दिवस गेले, घाम आणि गाणं दोन्ही नाही, तरी त्या माणसाशी नाचाव्यतिरिक्त काही बोलावंसं वाटतं का? ती काय काम करते, तिला कशाचा राग येतो, हे माहीत करून घ्यायची इच्छा आहे का, की आठवण येते ती फक्त पाठीवरच्या हाताची? दुसरी परीक्षा जोडीदार बदलताना होते. ती दुसऱ्याकडे गेल्यावर तुमचं लक्ष स्वतःच्या पायांवर राहत असेल तर ठीक. सतत तिच्यावर राहत असेल, तर तुम्ही नाच शिकणं थांबवलं आहे हे आधी मान्य करा.

नाचता नाचता विचारणं

त्याच्या बाबतीत मी एवढंच सांगितलं की विचारायचं तर फ्लोअरच्या बाहेर, बूट घातल्यावर, पार्किंगमध्ये चार लोक असताना, आणि एकदाच. बंद पकडीत विचारलेल्या प्रश्नाला बाई मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकत नाही. तिचा एक हात तुमच्या हातात असतो, गाणं अर्धं उरलेलं असतं, आणि आरशातून सगळी बॅच बघत असते. ती हसून वेळ मारून नेते आणि तुम्ही ते हसू होकारात जमा करता. रात्री अकरा वाजता ग्रुपमधून नंबर काढून पाठवलेला मेसेज तर त्याहून वाईट. तो नंबर तिने क्लासच्या वेळा कळाव्यात म्हणून दिलेला असतो.

त्याने चहाला विचारलं. तिने सरळ सांगितलं, "दादा, मला क्लासपुरतंच ठीक आहे." तो पुढचा आठवडा आला नाही, त्यानंतर आला. मी त्या दोघांना पहिल्या गाण्याला जोडीला दिलं नाही. फिरत फिरत ते एकमेकांसमोर आले तेव्हा पकड तीच, कोपर वर, हात पात्याच्या कडेला. ती पुढेही बॅचला येत राहिली. माझ्या लेखी हीच खूण.

'शिकतोय बिचारा' म्हणून गप्प बसणं

आपल्याकडे बायका बोलत नाहीत. बोललं तर घरी कळेल, घरी कळलं तर क्लास बंद होईल, हा हिशोब मनात असतो आणि तो चुकीचाही नसतो. म्हणून शब्द तंत्राचे वापरा, आरोपाचे नकोत. "दादा, कोपर वर घ्या." "अर्धं पाऊल डावीकडे." "मला वळायला जागा नाही." हे मोठ्याने, चालू गाण्यात, हसू न ठेवता बोलायचं. तंत्राची चूक असेल तर माणूस ओशाळतो आणि सुधारतो, निदान तेवढ्या गाण्यापुरता. पुन्हा चुकला तर पुन्हा सांगा, दंड भरून येण्याला इलाज नसतो.

पण काही नमुने थकव्याचे नसतात. हात गाण्याच्या सुरुवातीलाच खाली असतो, दमायच्या आधी. मास्तरीणबाई समोर असताना जागेवर आणि पाठ फिरली की खाली. वयस्कर काकूंबरोबर पकड अगदी बरोबर, ठरावीक दोघी-तिघींबरोबरच चुकते. सांगितल्यावर तो कोपर न उचलता म्हणतो, "एवढं काय ताई, नाचच आहे." यांपैकी दोन गोष्टी दिसल्या की दुरुस्त्या देणं बंद करा. गाणं अर्ध्यात असलं तरी हात सोडून बाजूला व्हा आणि शिकवणाऱ्याला सांगा. शिकवणाराच तसा असेल, म्हणजे प्रत्येक स्टेप दाखवायला त्याला एकच विद्यार्थिनी लागत असेल आणि दाखवताना तोंडी सांगण्यासारखी गोष्टही हात लावूनच सांगत असेल, तर फीचे पैसे बुडाले तरी निघा. पाऊल कुठे टाकायचं हे फरशीवर खडूची रेघ मारूनही दाखवता येतं.

घरच्यांना लांब ठेवणं

लग्न झालेल्यांच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. नवरा-बायको दोघं येतात आणि "आम्ही आमच्यातच नाचू" म्हणतात. जोडीदार न बदलणाऱ्यांची प्रगती मंद होते, कारण त्यांना एकमेकांच्या चुका पाठ होतात आणि ते त्या न कळत झाकतात. तरीही मी आग्रह धरत नाही. दोघांनी आधी आपसात ठरवावं, आणि एकाने मन मोडून होकार दिला असेल तर तो होकार धरू नये. क्लासच्या खुर्चीवर हे भांडण सुटत नाही, घरी सुटतं.

एकट्याच येणाऱ्या बायकांपैकी काही घरी 'झुंबाला जाते' सांगून येतात. मग कुणाच्या तरी चुलतभावाने काचेच्या दारातून बघितलेलं घरी पोचतं, आणि गावात ते पोचायला संध्याकाळ पुरते. त्यापेक्षा नवऱ्याला किंवा सासूबाईंना एक दिवस आणून बसवा. त्यांच्यासमोर हात कुठे ठेवतात, कुठे ठेवत नाहीत, दर गाण्याला माणूस कसा बदलतो हे होऊ द्या. एक सासूबाई अशाच अर्धा तास बसल्या, मग मला म्हणाल्या, "यात तर नुसतं मोजायचंच काम आहे, एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चार कुठे गेला?" चौथ्यावर थांबायचं असतं, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सुनेला म्हणाल्या, मग थांबत जा, तू चौथ्यालाही पाय टाकतेस.